टोपणाच्या खुणेवर अडकलेला डोस: एका मुलीच्या अर्धशिशीचं प्रकरण

"आयब्युप्रोफेन हिला लागूच पडत नाही, मॅडम. तो नाकातला स्प्रे असतो ना, तोच लिहून द्या."

वडील खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलून गेले. मुलगी साडेअकरा वर्षांची, सहावीत, वजन ३४ किलो. दीड वर्षापासून महिन्यातून तीन-चार वेळा डोकं दुखायचं. तोवर चष्म्याचा नंबर काढून झाला होता आणि सायनसचं समजून दोनदा अँटिबायोटिकही देऊन झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. औषधांचे आकडे मात्र तसेच ठेवले आहेत.)

डोकं दुखतं तेव्हा ती काय करते, हे मी आधी आईला विचारलं. दुखणं कसं आहे ते मुलं शब्दांत नीट सांगू शकत नाहीत, वागण्यातून मात्र ते दिसतं. आई म्हणाली, "आधी जांभया देते, तोंड पांढरंफटक पडतं. मग खिडकी लावून घेते, टीव्ही बंद करायला लावते आणि उशी कानावर घेऊन पडते. पायऱ्या चढायला सांगितलं तर रडते. एक-दोन उलट्या होतात, झोप लागते, आणि चार-पाच तासांनी उठली की काही झालंच नव्हतं असं वागते." दुखतं कुठे असं विचारल्यावर मुलीने दोन्ही हात दोन्ही कानशिलांवर ठेवले.

अर्धशिशी या नावामुळे डोकं अर्धंच दुखायला हवं असा समज होतो. मोठ्यांमध्ये बहुतेकदा ते खरं असतं, पण मुलांमध्ये कपाळ आणि दोन्ही कानशिलं एकदम दुखणं नेहमीचं आहे. मोठ्यांचा झटका किमान चार तास चालावा लागतो, मुलांत दोन तासही पुरतात. असे किमान पाच झटके झालेले असावेत, दुखणं ठणकणारं किंवा कामं थांबवणारं असावं, सोबत मळमळ-उलटी असावी किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सोसवत नसावेत, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात मूल ठणठणीत असावं. हे सगळं इथे जुळत होतं. शिवाय आईला स्वतःला अर्धशिशी होती. रक्तदाब, चालताना तोल, डोळ्यांच्या हालचाली, डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी, उंची-वजनाची वाढ, सगळं व्यवस्थित होतं. स्कॅनची गरज नव्हती.

मग मी म्हटलं, "देता ते औषध दाखवा बघू."

आईने पिशवीतून बाटली काढली. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं, ताप-अंगदुखीसाठी घरोघरी असतं तसलं पातळ औषध. बाटलीच्या टोपणावर पाच मिलिची खूण होती आणि त्या खुणेच्या जरा वर, औषध वाळून झालेली नारिंगी रेघ. दर वेळी तिथवरच भरलं जात होतं. "पाच मिलि कोणी सांगितलं?" या प्रश्नावर आईने एक जुनी चिठ्ठी काढली. मुलगी तीन वर्षांची असताना तापासाठी लिहून दिलेली, वर वजन १३ किलो. तेव्हा तो डोस अगदी बरोबर होता. मुलगी ३४ किलोची झाली, टोपण मात्र त्याच खुणेवर राहिलं.

या पूर्ण प्रकरणाचं मूळ त्या नारिंगी रेघेत आहे, म्हणून इथला हिशेब जरा सावकाश मांडते.

मुलांच्या अर्धशिशीत आयब्युप्रोफेन दर किलोला १० मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी द्यायचं. साडेसात ते दहा हा उपयोगी टप्पा मानला, तरी झटका मोडायचा असेल तर दहाच्या जवळ राहावं. मुलगी ३४ किलोची, म्हणजे ३४० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलित १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे १ मिलित २०. ३४० ला २० ने भागलं की १७ मिलि येतात. आणि तिला मिळत होते ५ मिलि, म्हणजे १०० मिलिग्रॅम, किलोला जेमतेम तीन. "लागू पडत नाही" असं म्हणण्याइतकं औषध तिच्या पोटात कधी गेलंच नव्हतं.

मग आहे तीच बाटली १७ मिलि द्यायची का? नाही. त्या मिश्रणाच्या ५ मिलित १६२.५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही होतं. १७ मिलि दिलं की ते साडेपाचशेच्या वर जातं. ३४ किलोला पॅरासिटामॉल एका वेळी १५ च्या हिशेबाने ५१० पर्यंत चालतं, म्हणजे मर्यादा थोडी ओलांडलीच. एवढ्यावरही थांबत नव्हतं. तासाभरात फरक पडला नाही की आई वरून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यायची, कारण बाटलीत तेच आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मिश्रणाचा हा दोष आहे: एका औषधाचा डोस वाढवायला जावं तर दुसरं न विचारता सोबत वाढतं. म्हणून नुसत्या आयब्युप्रोफेनचं पातळ औषध लिहिलं आणि मोजायला टोपणाऐवजी १० मिलिची सिरिंज दिली. एकदा भरून दहा, दुसऱ्यांदा सात. दोन डोसांत कमीत कमी सहा तासांचं अंतर आणि चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त नाही. एका डोसाची कमाल ४०० मिलिग्रॅम, मूल ५० किलोचं असलं तरी.

डोस सुधारला, पण वेळेचा प्रश्न उरलाच. मी आईला शेवटचा झटका घड्याळासकट सांगायला लावला. साडेअकराला वर्गात डोकं दुखायला लागलं. बाईंनी बेंचवर डोकं टेकवून बसायला सांगितलं. बाराला घरी फोन गेला, पाऊणला आई शाळेत पोचली, घरी यायला सव्वा वाजला. "रिकाम्या पोटी औषध नको" म्हणून आधी वरण-भात भरवला, तो निम्मा गेला नि औषध दिलं तेव्हा दीड वाजून गेला होता. पावणेदोनला सगळं उलटून पडलं.

अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते. गिळलेलं औषध आतड्यात जाऊन शोषलं जायला हवं, पण ते जठरातच पडून राहतं. दुखणं सुरू झाल्यावर जितका उशीर, तितकं पोट जास्त थंडावलेलं, आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटाही तोवर इतक्या चेतलेल्या असतात की तेच औषध तोकडं पडतं. म्हणून डोस जितका महत्त्वाचा, तितकाच पहिला अर्धा तास. जेवणासाठी थांबायचं नाही. दोन बिस्किटं किंवा घोटभर दूध पुरे, तेही नको वाटलं तर पाण्यासोबत द्यायचं. ज्या मुलाला कधीमधीच औषध लागतं आणि पोटाचा जुना त्रास नाही, त्याला एवढ्याने अपाय होत नाही.

शाळेसाठी चिठ्ठी लिहून दिली: मुलीचं वजन, औषधाचं नाव, १७ मिलि, "डोकं दुखू लागताच द्यावे, नंतर वीस-तीस मिनिटे शांत खोलीत पडू द्यावे". शाळा आधी तयार नव्हती, आणि त्यांचंही मला पटतं. कोणाच्या मुलाला कसलं औषध द्यायचं ही जबाबदारी साधी नाही. पण चिठ्ठीवर सही, शिक्का आणि पालकांची संमती असली की बहुतेक मुख्याध्यापक मान्य करतात. इथेही केलं.

वडिलांच्या स्प्रेच्या मागणीला त्या दिवशी मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. आयब्युप्रोफेन योग्य मात्रेत आणि योग्य वेळी एकदाही मिळालेलं नसताना ते निकामी ठरलं असं म्हणता येत नाही. फिनलंडमध्ये १९९७ साली लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात तीच मुलं वेगवेगळ्या झटक्यांत आयब्युप्रोफेन किलोला १०, पॅरासिटामॉल किलोला १५ आणि नुसतं दिखाऊ औषध घेत होती. दोन तासांत झटका मोडण्यात आयब्युप्रोफेन सर्वांत पुढे होतं. मुलांसाठी पहिली निवड म्हणून ते आजही टिकून आहे. शिवाय वडील मागत होते तो स्प्रे ट्रिप्टान या गटातला, म्हणजे खास अर्धशिशीचा झटका मोडणाऱ्या औषधांतला, आणि नाकातल्या ट्रिप्टानची मान्यता बहुतेक ठिकाणी बारा वर्षांपासून पुढे आहे. ही साडेअकराची होती.

एक गोष्ट निघता निघता कळली. मागे एकदा काहीच चालेना तेव्हा आईने स्वतःच्या अर्धशिशीच्या गोळीचा अर्धा तुकडा मुलीला दिला होता. ती गोळी एर्गोटामिन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरच्या औषधाचं मिश्रण होती. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि त्यातल्या उलटीच्या औषधाने मुलांची मान किंवा जबडा एकाएकी वाकडा होऊन आखडू शकतो. आईला मी रागावले नाही. रात्री दोन वाजता पोर तळमळत असताना तिने हाताशी होतं ते दिलं. पण ती गोळी मुलीसाठी कायमची बंद केली. हा धागा पुढे स्प्रेच्या वेळी पुन्हा येतो.

आणि पावसाळ्यासाठी एक अट, चिठ्ठीवर लाल शाईने: ताप असेल तर हे औषध द्यायचं नाही. डेंग्यूतही डोकं फुटेस्तोवर दुखतं, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवतं. तापासोबतची डोकेदुखी घरची अर्धशिशी समजायची नाही, आधी दाखवायला आणायचं. कांजिण्या, जुलाब-उलट्यांनी आलेला शोष, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने चाळवणारा दमा, यांतही ते टाळायचं. ॲस्पिरिन तर सोळा वर्षांच्या आत नकोच.

आठ आठवड्यांनी मुलगी डायरी घेऊन आली. रेघांच्या वहीत तिने स्वतः तक्ता आखला होता: दुखणं कधी सुरू झालं, औषध किती वाजता, दोन तासांनी कसं. सहा झटके. त्यांतल्या चारांत औषध अर्ध्या तासात गेलं आणि चारही वेळा दोन तासांच्या आत ती वर्गात किंवा खेळायला परत होती. एकदा सहलीच्या बसमध्ये औषध सामानात राहिलं, दोन तास उशीर झाला आणि काही उपयोग झाला नाही. एकदा वीस मिनिटांत उलटी झाली. त्या वेळी आईने पुन्हा १७ मिलि न देता मला फोन केला, ते बरं झालं. किती औषध आत राहिलं आणि किती बाहेर पडलं हे अशा वेळी कोणालाच सांगता येत नाही.

पुढची दीड वर्षं याच औषधावर निभावली.

मग ती पुन्हा आली तेव्हा तेरा वर्षांची होती, वजन ४१ किलो. पाळी सुरू होऊन सात-आठ महिने झाले होते. आईची तक्रार अशी, की शाळेतले झटके अजूनही औषधाने थांबतात, पण आता पाळीच्या आसपास पहाटेच झटका येतो. जाग येते तीच डोकं ठणकत असताना, आणि पंधरा मिनिटांत उलट्या सुरू. सिरिंजमधलं औषध तोंडातून आत जातं न जातं तोच बाहेर.

पहाटेची डोकेदुखी आणि उलटी हे शब्द कानावर आले की कोणत्याही बालरोगतज्ज्ञाने आधी थांबावं. मेंदूतला दाब वाढला असेल तरी चित्र असंच दिसतं. निदान जुनं आहे म्हणून नवा बदल त्यातच ढकलून द्यायचा नसतो. मी पुन्हा पहिल्यापासून तपासलं. खोकताना किंवा वाकताना दुखणं वाढतं का, दोन-दोन दिसतं का, चालताना झोक जातो का, अक्षर किंवा स्वभाव बदलला का, आठवड्यागणिक वाढतच चाललंय का. सगळ्या प्रश्नांचं उत्तर "नाही" असंच आलं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याचा पडदा पाहिला, कुठे सूज नव्हती. मधले दिवस पूर्ण मोकळे होते. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलले, त्यांचंही मत अर्धशिशीच असं पडलं. यातल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर हो आलं असतं, तर स्प्रेचा विषय बाजूला ठेवून आधी एमआरआय केला असता.

दुसरी दुरुस्ती साधीच होती. फ्रीजवर अजून "१७ मिलि" चिकटवलेलं होतं. ४१ किलोला ते किलोमागे सव्वाआठ पडतं. अगदी चूक नाही, पण कमीच. आता ती गोळी गिळू शकत होती, म्हणून ४०० मिलिग्रॅमची साधी आयब्युप्रोफेनची एक गोळी. साधी हा शब्द मी चिठ्ठीवर अधोरेखित केला, कारण दुकानात ४०० मागितलं की बरेचदा पॅरासिटामॉल मिसळलेली गोळी हातात येते.

पण पहाटेच्या झटक्यांचा प्रश्न मात्रेचा नव्हता, वाटेचा होता. पोटातून जाणारी वाट बंद असताना तिथून पाठवलेलं कोणतंच औषध पोचणार नाही. इथे नाकातल्या ट्रिप्टानचा विचार खऱ्या अर्थाने सुरू होतो: योग्य मात्रेतलं आयब्युप्रोफेन वेळेवर देऊनही दोन-तीन झटक्यांत दोन तासांनी मूल सावरलेलं नाही, किंवा उलटी इतकी लवकर होते की ते देताच येत नाही. तिच्याबाबतीत दुसरं कारण लागू होतं.

देण्याआधी काही प्रश्न विचारावेच लागतात. झटक्यात कधी एक हात-पाय लुळा पडला का? बोबडी वळली, तोल गेला, शुद्ध हरपल्यासारखं झालं का? अशा प्रकारच्या अर्धशिशीत ट्रिप्टान देत नाहीत. हृदयाचा जन्मजात दोष, छातीत धडधडून चक्कर, घरात तरुण वयात अचानक मृत्यू, वाढलेला रक्तदाब, हेही विचारलं. यांतलं काही नव्हतं. आणि आईची ती गोळी: एर्गोटामिन आणि ट्रिप्टान दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून दोन्हींत चोवीस तासांचं अंतर हवंच. आईने सांगितलं की ती गोळी आता तिच्या स्वतःच्या पर्समध्ये असते, घरच्या डब्यात नाही.

सुमाट्रिप्टानचा २० मिलिग्रॅमचा स्प्रे लिहिला. इथेही वजनच आड येतं किंवा वाट देतं. २००४ साली, पुन्हा फिनलंडमध्येच, आठ ते सतरा वर्षांच्या मुलांवर या स्प्रेचा अभ्यास झाला. त्यात २० ते ३९ किलोच्या मुलांना १० मिलिग्रॅम दिलं होतं आणि ४० किलो व त्यावरच्यांना २०. पहिल्या भेटीतल्या ३४ किलोच्या मुलीला हा स्प्रे जास्तच झाला असता. त्याच अभ्यासात दोन तासांनी आराम पडलेल्यांचं प्रमाण स्प्रेने ६४ टक्के आणि दिखाऊ स्प्रेने ३९ टक्के होतं. हे दोन्ही आकडे मी पालकांना सांगते. त्यातून कळतं की औषधाचा फायदा खरा आहे, आणि तरी तीनांतल्या एकाला तो मिळत नाही.

पहिला स्प्रे वाया गेला. वडिलांनी घरी नेऊन, चालतो का बघायला, हवेत एकदा दाबला. या स्प्रेत एकच डोस असतो, चाचणीचा दाब म्हणजेच तो डोस. हे मी आधी सांगायला हवं होतं. खोका चांगला महाग असतो, त्यांचा चेहरा पडला होता. आता मी रिकामा झालेला एक स्प्रे टेबलाच्या खणात ठेवते आणि त्यावरच शिकवते.

दुसऱ्या वेळी मुलीने सर्दीचे थेंब घालतात तसं डोकं मागे टाकलं आणि जोरात श्वास ओढला. औषध घशात उतरलं, कडू जहर लागलं, आणि "मला पुन्हा नको" म्हणून बसली. मग तिला समोर बसवून रिकाम्या स्प्रेने सराव करून घेतला. नाक शिंकरून मोकळं करायचं. मान सरळ. एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीत टोक साधारण एक सेंटीमीटर आत. तोंड मिटून हळू श्वास घेता घेता दाबायचं. मग दहा-पंधरा सेकंद तसंच, नाकाने सावकाश आत, तोंडाने बाहेर, जोरात ओढायचं नाही. तरी थोडा कडवटपणा घशात येतोच, त्यासाठी नंतर लिमलेटची गोळी. घशात, मानेत किंवा छातीत थोडा वेळ दाबल्यासारखं किंवा गरम वाटू शकतं हे तिला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर पहिल्यांदा तसं झालं की मुलं घाबरतात. ते ओसरलं नाही किंवा श्वासाला अडलं तर मात्र थेट दवाखाना.

नियम तीनच लिहून दिले. स्प्रे डोकं दुखायला लागल्यावर मारायचा, नुसत्या शंकेवर नाही. पहिल्या स्प्रेने काहीच फरक पडला नाही तर त्याच झटक्यात दुसरा मारायचा नाही, कारण तोही चालणार नाही. फरक पडून दुखणं परतलं, तर दोन तासांनंतर दुसरा घेता येतो, पण तो मला फोन करून. आणि महिन्यात स्प्रेचे दिवस नऊच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत, आयब्युप्रोफेनचे चौदाच्या. त्यापुढे गेलं की औषधच डोकेदुखी जोपासायला लागतं. तिचे आकडे याच्या खूप खाली होते. ते वर सरकू लागले असते, तर रोजच्या प्रतिबंधक उपचाराचं बोलणं काढावं लागलं असतं.

पुढच्या चार महिन्यांत पहाटेचे तीन झटके आले. पहिल्यात स्प्रेने दीड तासात उलट्या थांबल्या, दुखणं निम्म्यावर आलं, मग पोट स्थिर झाल्यावर वर आयब्युप्रोफेनची गोळी दिली आणि ते गेलं. ही जोड चालते, ट्रिप्टानने अर्धवट आराम पडत असेल तर मुद्दाम दिलीही जाते. दुसऱ्यात नुसत्या स्प्रेने दोन तासांत ती उठून बसली आणि साडेनऊला शाळेत गेली. तिसऱ्यात काहीच झालं नाही. खिडकी लावून झोपली, दुपारी उठली, आणि आईने नियमाप्रमाणे दुसरा स्प्रे उघडला नाही.

परवा डायरी दाखवायला आली तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तिने नवा रकाना आखला होता: वजन. दर तीन महिन्यांनी स्वतः काट्यावर उभी राहून लिहिते. शेवटची नोंद ४३.